दोन छायाचित्रांची एका मिनिटात तुलना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केंब्रिजच्या बी-टू फर्स्ट या इंग्रजी परीक्षेच्या तोंडी भागात दोन छायाचित्रांची तुलना करावी लागते. पुण्यात या परीक्षेची तयारी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांकडून त्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. हे काम कानाचे आणि जिभेचे असल्यामुळे इंग्रजी शब्दप्रयोग देवनागरीतच लिहिले आहेत आणि ते मोठ्याने वाचावेत अशी अपेक्षा आहे.

१. दोन छायाचित्रांची तुलना नेमकी कोणत्या परीक्षेत विचारतात? आयेल्ट्समध्ये ती येते का?

आयेल्ट्सच्या तोंडी परीक्षेत छायाचित्रे नसतात. तेथे विषयाचे कार्ड मिळते, तयारीला एक मिनिट दिले जाते आणि मग एक ते दोन मिनिटे बोलायचे असते. दोन्ही परीक्षांची तयारी अनेकदा एकाच छताखाली चालत असल्यामुळे हा घोटाळा वारंवार होतो. बी-टू फर्स्टच्या तोंडी परीक्षेचे चार भाग असतात आणि छायाचित्रे दुसऱ्या भागात येतात. त्याखालच्या बी-वन प्रिलिमिनरीत प्रत्येकाला एकाच छायाचित्राचे वर्णन करायचे असते, तर वरच्या सी-वन अ‍ॅडव्हान्स्डमध्ये तीन छायाचित्रे समोर ठेवतात आणि त्यांतली दोन उमेदवाराने स्वतः निवडायची असतात. ब्रिटिश कौन्सिलच्या अ‍ॅप्टिस जनरलमध्येही दोन छायाचित्रांची तुलना आहे, पण तेथे समोर परीक्षक नसतो, उत्तर संगणकावर ध्वनिमुद्रित होते आणि प्रत्येक उत्तराला ४५ सेकंद मिळतात. यापुढील उत्तरे बी-टू फर्स्ट डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत.

२. त्या एका मिनिटात माझ्याकडून नेमके काय अपेक्षित असते?

दोन कामे अपेक्षित असतात आणि बहुतेक उमेदवार त्यांतले एकच करून येतात. परीक्षक दोन छायाचित्रे असलेले पान हातात देतो, त्यांची तुलना करायला सांगतो आणि जोडीला एक प्रश्न विचारतो. तो प्रश्न पानाच्या वरच्या बाजूला छापलेलाही असतो. समजा, एका चित्रात आजोबा एका मुलाला सायकल दुरुस्त करायला शिकवत आहेत आणि दुसऱ्यात तलावात एक मुलगी पोहायला शिकते आहे, तर प्रश्न असा असू शकेल की शिकणाऱ्या मुलांना त्या क्षणी काय वाटत असेल.

‘इन द फर्स्ट फोटो आय कॅन सी अ मॅन, आय कॅन सी अ बॉय, आय कॅन सी अ बायसिकल’ अशी यादी वाचत राहणे म्हणजे वर्णन झाले. त्यात तुलना नाही आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही नाही. साधारण पहिली पंचवीस-तीस सेकंदे साम्य आणि फरक सांगण्यात घालवावीत आणि उरलेला वेळ प्रश्नाला द्यावा. या प्रश्नाचे उत्तर चित्रात कोठेही लिहिलेले नसते, ते अंदाजानेच द्यावे लागते. म्हणूनच ‘माइट बी’सारखे शब्दप्रयोग या भागाचा कणा आहेत.

३. चित्रे पाहून विचार करायला वेळ मिळतो का?

स्वतंत्र वेळ मिळत नाही. सूचना सांगून होईपर्यंत जे दोन-चार क्षण मिळतात तेवढेच, त्यामुळे त्या अवधीत डोळ्यांनी एकच गोष्ट शोधावी : दोन्ही चित्रांना बांधणारा समान धागा. तो सापडला की ‘बोथ फोटोग्राफ्स शो…’ हे पहिले वाक्य तयार होते आणि पुढचे आपोआप सुचू लागते. सूचना नीट ऐकू आली नसेल, तर ती पुन्हा सांगायची विनंती करता येते.

४. मी ‘ही विल बी हिज ग्रँडफादर’ म्हणाले, तर सरांनी चूक धरली. मराठीत आपण ‘आजोबा असतील’ असेच म्हणतो ना?

म्हणतो, आणि चुकीचे मूळ तेथेच आहे. मराठीत ‘असेल’, ‘असतील’ ही रूपे भविष्यकाळाची असली तरी वर्तमानातल्या अंदाजासाठी ती सर्रास वापरली जातात. ‘दाराशी कोण आहे?’ या प्रश्नाला ‘दूधवाला असेल’ असे उत्तर देताना आपण उद्याबद्दल बोलत नसतो. मनातल्या मनात हे वाक्य शब्दशः इंग्रजीत नेले की ‘विल बी’ तयार होते आणि ऐकणाऱ्याला वाटते की ते गृहस्थ पुढे कधीतरी आजोबा होणार आहेत. चित्रातल्या माणसाबद्दलचा ‘असेल’ इंग्रजीत ‘माइट बी’, ‘मे बी’ किंवा ‘कुड बी’ असा जातो : ‘ही माइट बी हिज ग्रँडफादर.’ क्रिया चालू असेल तर ‘ती वाट पाहत असेल’चे ‘शी माइट बी वेटिंग’ होते.

येथे एक अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवा. इंग्रजीतही दाराची घंटा वाजल्यावर ‘दॅट विल बी द पोस्टमन’ असे म्हणतात. मात्र ते रोजच्या अनुभवावरून जवळजवळ खात्रीने बांधलेल्या अंदाजासाठी असते. अनोळखी छायाचित्रातल्या अनोळखी माणसाबद्दल तशी खात्री कोणालाच नसते, म्हणून परीक्षेत ‘विल बी’ टाळणेच शहाणपणाचे आहे.

५. मग ‘ही कॅन बी हिज ग्रँडफादर’ चालेल का?

नाही. ही चूकही थेट मराठीतून येते, कारण ‘ते त्याचे आजोबा असू शकतात’ यातल्या ‘शकतात’ला आपण ‘कॅन’ हा प्रतिशब्द शाळेपासून घोकलेला असतो. इंग्रजीत ‘कॅन बी’ सर्वसाधारण शक्यतेसाठी वापरतात. ‘लर्निंग टु स्विम कॅन बी स्केअरी’ हे योग्य आहे, कारण पोहायला शिकणे कधी कधी भीतिदायक असू शकते हे एकूणच खरे आहे. समोरच्या विशिष्ट मुलीबद्दल अंदाज करताना मात्र ‘शी कुड बी स्केअर्ड’ किंवा ‘शी माइट बी स्केअर्ड’ असेच म्हणावे लागते. ‘कॅन’चे ‘कुड’ केले की चूक सुधारते, त्यामुळे सवय मोडायला हाच सर्वांत सोपा मार्ग आहे.

६. ‘माइट’, ‘मस्ट’ आणि ‘कांट’ यांतले काय केव्हा वापरायचे?

पुरावा किती आहे ते पाहून ठरवावे. काही खूण दिसत नसेल आणि नुसता अंदाज असेल तर ‘माइट’, ‘मे’ किंवा ‘कुड’ वापरावे. या तिघांतला सूक्ष्म फरक शोधत बसण्याची या कामात गरज नाही. चित्रात ठोस खूण असेल आणि मराठीत आपण ‘असणारच’ किंवा ‘नक्कीच असावी’ म्हणालो असतो, तर ‘मस्ट बी’ योग्य : तलावातल्या बाईंच्या गळ्यात शिट्टी आहे, म्हणून ‘शी मस्ट बी अ कोच.’ उलट, खुणेवरून एखादी गोष्ट शक्यच नाही असे दिसत असेल, तर ‘कांट बी’ म्हणावे.

फसगत होते ती नकारात. ‘मस्ट बी’च्या उलट ‘मस्टंट बी’ असावे असे वाटते, पण ‘मस्टंट’ म्हणजे मनाई. ‘नसणारच’ यासाठी ‘कांट बी’ आणि ‘कदाचित नसेल’ यासाठी ‘माइट नॉट बी’ म्हणायचे. याही पलीकडे, ‘मस्ट’ आणि ‘कांट’ यांच्यामागे लगेच ‘बिकॉज’ जोडून खूण सांगण्याची सवय लावावी. त्यामुळे वाक्य लांबते, विचार जोडला जातो आणि अंदाज हवेत राहत नाही.

७. घडून गेलेल्या गोष्टीचा अंदाज कसा सांगायचा? ‘चेन पडली असेल’ हे इंग्रजीत कसे म्हणू?

‘माइट हॅव’ आणि त्यापुढे क्रियापदाचे तिसरे रूप : ‘द चेन माइट हॅव कम ऑफ.’ मराठीतला ‘असेल’ येथे ‘माइट हॅव’ झाला आणि ‘पडली’चे ‘कम ऑफ’ झाले. सायकलची चेन इंग्रजीत ‘पडत’ नाही, ती ‘कम्स ऑफ’, हेही लक्षात ठेवावे. घाईत ‘माइट केम ऑफ’ असे तोंडून निघते, आणि ते चूक आहे. उच्चारताना ‘हॅव’ जोर देऊन स्वतंत्र म्हणू नये, ‘माइटव्ह’ असा जवळजवळ एक शब्द ऐकू यावा. चित्र हा एकच क्षण असतो आणि त्याआधी काय घडले असेल हे सांगितले की बोलायला मुबलक मजकूर मिळतो, म्हणून प्रत्येक उत्तरात असे निदान एक वाक्य आणण्याचा प्रयत्न करावा.

८. ‘शी इज लुकिंग हॅपी’ असे म्हटले तर काय बिघडते?

अर्थ कळतो, आणि ‘यू आर लुकिंग वेल टुडे’सारखी वाक्ये इंग्रजीत प्रचलितही आहेत. परंतु आपल्याकडे प्रत्येक ‘दिसते आहे’चे ‘इज लुकिंग’ करण्याची खोड आहे आणि ती कानाला खटकते. चित्रातल्या भावना सांगताना साधा वर्तमानकाळ वापरावा : ‘शी लुक्स हॅपी.’ पुढे काय येते यावर रचना बदलते. नुसते विशेषण असेल तर ‘लुक्स नर्व्हस’, नाम असेल तर ‘लुक्स लाइक अ कोच’ आणि पूर्ण वाक्य असेल तर ‘लुक्स अ‍ॅज इफ शी वॉन्ट्स टु गेट आउट’. ‘लुक्स लाइक नर्व्हस’ ही मराठी वर्गांत सर्वांत जास्त ऐकू येणारी चूक आहे.

९. जोडणारे शब्दप्रयोग किती वापरावेत? माझ्याकडे चाळीस शब्दांची यादी आहे.

ती यादी बाजूला ठेवावी. एका मिनिटात चार-पाच जोडण्या पुरतात आणि त्या तोंडात बसलेल्या असाव्या लागतात. मराठीत आपण ‘पहिल्या चित्रात अंगण आहे, तर दुसऱ्यात तलाव आहे’ असे सहज म्हणतो. या ‘तर’ची जागा इंग्रजीत ‘व्हेअरअ‍ॅझ’ किंवा ‘व्हाइल’ घेते, आणि तो दोन वाक्यांना एकाच दमात जोडतो. त्यातला ‘झ’ ‘झाड’मधल्या झसारखा म्हणावा, ‘झेंडा’मधल्या झसारखा म्हणू नये. ‘ऑन द अदर हँड’ मात्र नवे वाक्य सुरू करताना किंवा कर्त्यानंतर येतो. साम्यासाठी ‘बोथ’ आणि ‘इन द सेम वे’, प्रश्नाकडे वळण्यासाठी ‘अ‍ॅज फॉर’ एवढे जमले तरी भागते.

लिखाणातले ‘मोअरओव्हर’ आणि ‘फर्दरमोअर’ बोलताना जड वाटतात. समोरच्या माणसाशी बोलताना आपणही ‘तद्वतच’ म्हणत नाही. आणखी एक बारीक गोष्ट : मराठीत आर्टिकल नसल्यामुळे ‘इन फर्स्ट फोटो’ असे निघून जाते. ‘इन द फर्स्ट फोटो’ हा तुकडा अखंड पाठ करावा.

१०. ‘दोघांपैकी कोणीच नाही’ हे ‘बोथ आर नॉट’ असे म्हणता येते का?

ते टाळावे. ‘बोथ ऑफ देम आर नॉट रेडी’ या वाक्यातून दोघेही तयार नाहीत की दोघांपैकी एकच तयार आहे, हे स्पष्ट होत नाही. मराठीतले ‘दोघेही तयार नाहीत’ इंग्रजीत ‘नायदर ऑफ देम इज रेडी’ असे होते. नकार ‘नायदर’मध्येच असल्यामुळे पुढे पुन्हा ‘नॉट’ लावायचा नाही. तुलनेच्या कामात नकारात्मक साम्य फार उपयोगी पडते, कारण ते बहुतेकांना सुचत नाही.

११. एखादे पूर्ण उत्तर नमुन्यादाखल मिळेल का?

प्रश्न २ मधली जोडी घेऊ. पहिले चित्र वाड्याच्या चौकातले आहे. सायकल उलटी उभी केली आहे, आजोबांचे हात काळे झाले आहेत आणि मुलगा वाकून पाहतो आहे. दुसऱ्यात मुलगी तलावाच्या कडेचा दांडा घट्ट धरून आहे आणि शेजारी गळ्यात शिट्टी असलेल्या बाई आहेत. मुलांना काय वाटत असेल, हा प्रश्न आहे. उत्तर असे देता येईल :

‘बोथ फोटोग्राफ्स शो अ चाइल्ड लर्निंग समथिंग फ्रॉम अ‍ॅन अ‍ॅडल्ट. इन द फर्स्ट वन दे आर फिक्सिंग अ बायसिकल, व्हेअरअ‍ॅझ इन द सेकंड अ गर्ल इज हॅविंग अ स्विमिंग लेसन. द मॅन लुक्स क्वाइट ओल्ड, सो ही माइट बी द बॉइज ग्रँडफादर, बट द वुमन इन द पूल मस्ट बी अ कोच, बिकॉज शी हॅज अ व्हिसल अराउंड हर नेक. नायदर ऑफ द चिल्ड्रन लुक्स रेडी टु डू इट अलोन. अ‍ॅज फॉर हाउ दे फील, आय थिंक द बॉय इज क्युरिअस. द चेन माइट हॅव कम ऑफ ऑन हिज वे होम, अँड ही सीम्स टु बी वॉचिंग द ओल्ड मॅन्स हँड्स व्हेरी केअरफुली. द गर्ल, ऑन द अदर हँड, लुक्स अ‍ॅज इफ शी वुड रादर बी समव्हेअर एल्स. शी इज होल्डिंग द रेलिंग व्हेरी टाइटली, सो इट कांट बी ईझी फॉर हर. इट कुड ईव्हन बी हर फर्स्ट लेसन.’

हे जवळजवळ १४० शब्द आहेत आणि न घाबरता, न पळता म्हटले तर मिनिटभर पुरतात. तुलनेचा भाग ‘अलोन’पाशी संपतो आणि ‘अ‍ॅज फॉर’पासून प्रश्नाचे उत्तर सुरू होते. तलावाच्या पाण्याचा रंग, आजोबांचा सदरा, मागची खिडकी यांबद्दल एक शब्दही नाही, कारण मुलांच्या भावनांशी त्यांचा संबंध नाही. अंदाज मात्र प्रत्येक वेळी एखाद्या खुणेला बांधलेला आहे : शिट्टी, मुलाची नजर, घट्ट धरलेला दांडा. स्वतःचे उत्तर मोबाइलवर मुद्रित करून ऐकताना हेच तपासावे की कोणत्या अंदाजाला खूण नाही.

१२. चित्रातल्या वस्तूचे इंग्रजी नाव आठवले नाही तर?

परीक्षकाला विचारू नये, तो शब्द सांगणार नाही. वस्तू कशासाठी आहे ते सांगावे. ‘पान्हा’ आठवला नाही तर ‘अ टूल फॉर टाइटनिंग थिंग्ज’ म्हणून पुढे जावे. अडलेला शब्द वळसा घालून सांगता येणे हेही भाषेचे कौशल्यच आहे. तो शब्द शोधत दहा सेकंदे गप्प राहणे जास्त महाग पडते.

१३. माझा अंदाजच चुकला, तर गुण जातात का?

जात नाहीत. ते आजोबा नसून शेजारी असले, तरी हे कोणी पडताळणार नाही. परीक्षा भाषेची असते. खोलीत दोन परीक्षक असतात. बोलणारा परीक्षक एकूण कामगिरीचा गुण देतो, तर शांतपणे ऐकणारा दुसरा परीक्षक व्याकरण व शब्दसंपत्ती, बोलण्याची सुसंगती, उच्चार आणि संवाद या चार निकषांवर गुण देतो. हे गुण संपूर्ण तोंडी परीक्षेवर ठरतात, एकट्या छायाचित्रांवर ठरत नाहीत. अंदाजांची विविधता पहिल्या निकषात आणि जोडण्या दुसऱ्या निकषात मोजल्या जातात, असे ढोबळमानाने समजावे.

१४. वाक्य अर्धवट असताना परीक्षकाने ‘थँक यू’ म्हणून थांबवले. मी नापास का?

मुळीच नाही. एक मिनिट संपले की परीक्षकाला थांबवावेच लागते आणि त्यासाठी गुण कापले जात नाहीत. खरी अडचण उलटी असते : पस्तिसाव्या सेकंदाला मजकूर संपतो. तेव्हा बहुधा प्रश्नाचे उत्तर द्यायचेच राहून गेलेले असते, म्हणून पानाच्या वर छापलेल्या प्रश्नाकडे नजर टाकावी. तेही झाले असेल, तर चित्राच्या आधी काय घडले असेल (प्रश्न ७) आणि पुढे काय घडेल, यावर दोन वाक्ये सहज निघतात.

१५. माझ्यासोबत परीक्षा देणारा जोडीदार बोलत असताना मी काय करायचे?

ऐकायचे आणि मध्ये बोलायचे नाही. त्याचे मिनिट झाल्यावर त्याच्याच छायाचित्रांबद्दल एक छोटा प्रश्न तुम्हाला विचारला जातो, उदाहरणार्थ, यांपैकी काय शिकायला तुम्हाला आवडेल. त्याला सुमारे ३० सेकंद मिळतात. येथे पुन्हा तुलना करू नये. आवड सांगावी आणि तिचे एक कारण द्यावे.

१६. ‘मेबी’ वापरले तर ‘माइट बी’ टाळता येईल का?

‘मेबी ही इज हिज ग्रँडफादर’ हे वाक्य बरोबर आहे. अडचण एवढीच की ‘मेबी’ पुण्याच्या रोजच्या मराठीतही इतके मुरले आहे की ते एका मिनिटात आठ वेळा निघते, आणि मग परीक्षकाला तुमचे बाकीचे व्याकरण ऐकूच येत नाही. वाक्याच्या सुरुवातीचे ‘मेबी’ हे एकसंध क्रियाविशेषण आहे, तर ‘ही मे बी’ मधले ‘मे’ आणि ‘बी’ हे दोन स्वतंत्र शब्द आहेत, हा फरकही ठेवावा. ‘मेबी ही माइट बी’ अशी दुहेरी शंका घेऊ नये, एकदा घेतलेली पुरते.

१७. एका क्लासने पाठ करायला तयार साचा दिला आहे. कोणत्याही चित्रांना तो लागू होतो, असे ते म्हणतात. वापरू का?

पहिले वाक्य आणि वळणाचे वाक्य पाठ असायला हरकत नाही. पूर्ण साचा मात्र समोरच्या प्रश्नाशी जुळत नाही, आणि पाठ केलेला भाग व सुचलेला भाग यांचा वेग व स्वर वेगळा असल्यामुळे सांधा लगेच ऐकू येतो. ‘दीज टू फोटोग्राफ्स डिपिक्ट डायव्हर्स आस्पेक्ट्स ऑफ ह्यूमन लाइफ’ असे वाक्य मी अनेक तोंडांतून शब्दशः सारखेच ऐकले आहे, आणि प्रत्येक वेळी त्यानंतर मोठी शांतता पसरली आहे.

१८. उघड दिसणाऱ्या गोष्टींनाही ‘माइट बी’ लावावे का? जास्त अंदाज म्हणजे जास्त गुण, असे ऐकले आहे.

ही चांगल्या विद्यार्थ्यांची चूक आहे. सायकल डोळ्यांसमोर उलटी उभी असताना ‘देअर माइट बी अ बायसिकल’ म्हणणे हास्यास्पद होते. जे दिसते ते साध्या वर्तमानकाळात किंवा ‘इज’ आणि ‘आयएनजी’च्या रूपात ठामपणे सांगावे : ‘दे आर फिक्सिंग अ बायसिकल.’ नाते, भावना, कारण, आधी घडलेले आणि पुढे घडणारे, म्हणजे जे कॅमेऱ्यात येऊच शकत नाही, तेवढ्यापुरताच अंदाज ठेवावा. सीमारेषेवरची उदाहरणेही असतात. चित्रातला मुलगा हसतो आहे हे दिसते, म्हणून ‘ही इज स्माइलिंग’, पण तो आनंदी आहे हे दिसत नाही, कारण फोटोसाठी माणसे उगाचही हसतात, म्हणून ‘ही लुक्स हॅपी’ किंवा ‘ही माइट जस्ट बी स्माइलिंग फॉर द कॅमेरा’.